अपघाताचं सीसीटीव्ही फुटेज मागण्यासाठी महापालिकेला अर्ज

चौकात माझ्या स्कूटरला कारने धडक दिली. तिथल्या कॅमेऱ्याचं फुटेज महापालिकेकडून मिळवायला अर्जात काय लिहू?

नक्कल नंतर, आधी फुटेज जपून ठेवायला सांगा. जुन्या चित्रणावर ठरावीक दिवसांनी नवं चढतं. माहिती अधिकाराच्या उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, तोवर हवं ते पुसलेलं असू शकतं. म्हणून आजच साधा अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

मुख्य मजकूर असा:

"दि. 12 जून रोजी सायं. 6.40 ते 7.00 या वेळेतील, चौकातील बँकेसमोरच्या खांबावरील कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाऊ नये म्हणून तात्काळ वेगळे जतन करावे व त्याची प्रत मला द्यावी. कॅमेरा आपल्या अखत्यारीत नसल्यास अर्ज संबंधित कार्यालयाकडे पाठवून मला कळवावे."

खाली दोन्ही गाड्यांचे नंबर, धडकेची दिशा आणि तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक लिहा. "त्या दिवसाचं सगळं फुटेज" मागितलं की अर्ज हमखास रखडतो. वीस मिनिटं पुरेत.

मजकुरातलं शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. बऱ्याच शहरांत कॅमेरे पालिकेच्या पैशातून बसतात, पण चित्रण पोलिसांच्या नियंत्रण कक्षात असतं. त्यामुळे हाच अर्ज पोलीस ठाण्यातही द्या. इतरांच्या खासगीपणाचं कारण देऊन तुम्हाला प्रत नाकारली, तरी तपास अधिकारी ते फुटेज अधिकृतपणे मागवू शकतो. कोर्टात लागणार असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्रही सोबत मागा. मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून आणलेली क्लिप तिथे अडते.