खुत्स्पा आणि श्लेप: शब्द कमी, अ‍ॅटिट्यूड जास्त

प्रश्न: इंग्लिशमध्ये लोक खुत्स्पा, श्लेप असं म्हणतात, हे यिडिश शब्द ना? साधे शब्द असताना हे कशाला?

हो, यिडिशच, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा. 1880 नंतर पूर्व युरोपातून लाखो ज्यू न्यूयॉर्कला आले, त्यांच्या बोलण्यातून हे अमेरिकन इंग्लिशमध्ये शिरले.

खुत्स्पा म्हणजे नुसतं धाडस नाही. जुना जोक आहे, पोरगा आईबापाचा खून करतो आणि कोर्टात म्हणतो, साहेब दया करा, मी अनाथ आहे! आपलं ‘चोर तो चोर वर शिरजोर’ त्याच्या जवळचं. पण गंमत अशी की यिडिशमध्ये ही बहुतेकदा शिवीच, निर्लज्जपणा, आणि अमेरिकेत मात्र त्यात अर्धं कौतुक मिसळलं, म्हणजे बिनओळखीचा एखादा थेट मालकाकडे जाऊन नोकरी मागतो तेव्हा लोक हसत म्हणतात, काय खुत्स्पा आहे! त्यामुळे कोण कुणाला कुठल्या सुरात म्हणतंय ते बघायचं.

श्लेपचा मूळ अर्थ ओढणे, फरफटवणे. ‘बॅग नेली’ ही माहिती झाली, ‘बॅग श्लेप केली’ म्हटलं की लिफ्ट बंद, चार जिने, घाम, आणि वर कुणी थँक्यूपण नाही म्हटलं, एवढी सगळी कुरकुर त्यात आली. लांबच्या कंटाळवाण्या प्रवासालाही श्लेपच म्हणतात.

आणि हो, उच्चार ‘चुत्झपा’ नको, सुरुवातीचा ख घशातून.