कर्ज मंजूर झालं, पण हातात किती रक्कम लागेल?

पुण्यात ६० लाखांचा तयार फ्लॅट बघताय ना, मग बँकेकडे जाण्याआधी हा हिशोब मांडा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम मिळते. म्हणजे कर्ज ४८ लाख, आणि १२ लाख तुमचे. आता खरी मेख अशी की त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत. ती पूर्णपणे तुमच्या खिशातून जाते.

पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे. ते करारातली किंमत आणि रेडी रेकनरनुसार, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरानुसार, येणारी किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागतं. समजा रेकनरने ६४ लाख निघाले, तर शुल्क ४ लाख ४८ हजार. म्हणून टोकन देण्याआधीच नोंदणी विभागाच्या साइटवर त्या भागाचा दर बघून घ्या. फ्लॅट फक्त पत्नीच्या किंवा आईच्या नावावर घेतलात तर १ टक्का सवलत आहे, म्हणजे इथे ६४ हजार वाचतात. संयुक्त नावात पुरुष आला की ती मिळत नाही.

नोंदणी फी ३० हजार. एकूण १६ लाख ७८ हजार झाले. वकील आणि बँकेची प्रोसेसिंग फी वेगळी.

आणि ही रक्कम आधी लागते: नोंदणी झालेला करार आणि तुमचा वाटा भरल्याच्या पावत्या बघितल्याशिवाय बँक सहसा चेक काढत नाही. त्यामुळे एफडी मोडायची असेल तर नोंदणीच्या तारखेआधीच मोडा.