बेल्ट घातला, हुक लावला, तरी घोटा मोडला

प्रश्न: बांधकाम साइटवर नुकताच सेफ्टी सुपरवायझर म्हणून लागलोय. उद्या सकाळी तीसेक कामगारांना हेल्मेट, हार्नेस आणि कटिंग मशीनवर टूलबॉक्स टॉक द्यायचा आहे. नेमकं काय बोलू?

उत्तर: तिन्ही विषयांना सारखा वेळ देऊ नका. तुमच्याकडे फार तर दहा मिनिटं आहेत, त्यातली निम्मी हार्नेसला द्या. डोक्यावर हेल्मेट नसलं तर ते लांबूनही दिसतं. हार्नेसची चूक मात्र माणूस पडेपर्यंत दिसत नाही.

माझ्या आधीच्या एका साइटवर सेंट्रिंगचा एक कामगार पहिल्या स्लॅबच्या कडेला काम करत होता, जमिनीपासून साधारण साडेतीन मीटरवर. बेल्ट नवा, हुकही लावलेला, पण पायाशी. तो पडला. पट्टा तुटला नाही, हुक सुटला नाही, तरी तो जमिनीवर आदळला आणि घोटा मोडला. हे कसं झालं ते मी तेव्हापासून प्रत्येक टॉकमध्ये मेजरिंग टेप घेऊनच सांगतो. तुम्हीही टेप जमिनीवर पसरा आणि असं बोला:

“मंडळी, बेल्टची दोरी 1.8 मीटर. झटका बसला की तिच्यावरचं शॉक अॅब्सॉर्बरचं पाकीट उसवतं, ते 1.75 मीटरपर्यंत लांबतं. पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत आपण दीड मीटर. खाली आपटू नये म्हणून वर एक मीटर राखीव. झाले किती? सहा मीटर. म्हणजे हुक पायाशी लावला, तर खाली सहा मीटर मोकळी जागा हवी. पहिल्या स्लॅबवर ती आहे का?”

इथे थांबा, त्यांनाच वर बघू द्या. मग हुक डोक्याच्या वर लावायला सांगा. तसं केलं की दोरीत ढील कमी राहते, माणूस कमी पडतो आणि पाकीटही थोडंच उसवतं. पण तुमच्या ठेकेदारालाही एक गोष्ट सांगून ठेवा: तीन-साडेतीन मीटरवर हुक वर लावूनही जागा अपुरी पडू शकते. तिथे कडेला पक्कं रेलिंग हवं, किंवा कडेपर्यंत पोचताच येणार नाही इतकी आखूड दोरी हवी.

हुक परांचीच्या सुट्या पाइपला किंवा वायरला नाही. कॉलमला वेढलेल्या स्लिंगला किंवा लाइफलाइनलाच. सरकताना दोनपैकी एक हुक कायम लागलेला असावा. पाकीट एकदा उसवलं की तो बेल्ट बाद. त्याचे पट्टे कापूनच फेका, नाहीतर आठवड्याने तोच कुणाच्या तरी अंगावर दिसतो. आणि लटकलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, कोण आणणार, हे आधीच ठरवा. मांड्यांच्या पट्ट्यांवर नुसतं लटकून राहिलं की पायात रक्त साचतं, माणूस काही मिनिटांतही बेशुद्ध पडू शकतो.

हेल्मेटचं काम दोन मिनिटांत होतं. एकाला पट्टा न लावता वाकायला सांगा. हेल्मेट पडलं की विचारा, “हे दहाव्या मजल्यावरून पडलं असतं तर?” मग आतली जाळी दाखवा. कवच आणि जाळी यांच्यात जी मोकळी जागा असते तिच्यातच मार जिरतो. आमच्याकडे तिथे तंबाखूची पुडी, बिडीचं बंडल, एकदा तर मोबाइल सापडला होता. ती जागा भरली की मार थेट कवटीवर.

ग्राइंडरबद्दल सगळं सांगू नका, गार्ड का काढतात तेवढंच धरा. चार इंची मशीनमध्ये मोठी डिस्क बसवायची असते म्हणून. चार इंची मशीन मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतं. सात इंची डिस्कवर मर्यादा छापलेली असते 8,500. म्हणजे डिस्क फुटायला आपणच बोलावतो, आणि तुकडे अडवणारा गार्डही आपणच काढलेला असतो. आकडे वाचता न येणाऱ्यांना इतकंच सांगा की गार्डमध्ये मावत नाही ती डिस्क या मशीनची नाही. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणारे सुतार प्रत्येक साइटवर भेटतात. दाते फळीत अडकले की मशीन उसळून मांडीवर किंवा मानेवर येतं. असं पातं दिसलं तर तिथल्या तिथे जप्त करा, वाद घालू नका. डिस्क बदलताना आधी प्लग काढायचा, नवी डिस्क बाजूला उभं राहून एक मिनिट मोकळी फिरवायची, गळ्यात गमछा नको.

साइटवर बिहार-बंगालची माणसं असतील तर हे सगळं हिंदीतच बोला. मुकादमाला मागे उभं करू नका, बेल्ट घालून पुढे उभा करा. लोक त्याच्याकडे बघतात, आपल्याकडे नाही. रजिस्टरवर सह्या घेण्याआधी दोघा-तिघांना त्यांच्या कामाच्या जागी नेऊन विचारा, “हुक कुठे लावणार?” बोट पायाकडे गेलं तर टेप पुन्हा काढा.