वटाव मागायला जाण्याआधी

अनेक आशीर्वाद.

खोकेवाल्या काकांकडे दर कमी करून मागायचा आणि उधारीही मागायची, असं तू लिहिलंस. माग. पण या दोन्ही गोष्टी त्यांच्या एकाच खिशातून जातात, हे धरून हिशेब करून जा.

तू महिन्याला मसाल्यासाठी तीन प्लायचे हजार खोके अठरा रुपयांनी घेतेस आणि माल आला की पैसे देतेस. खोक्याच्या किमतीतला मोठा भाग क्राफ्ट पेपरचा, आणि तो दर काकांच्या हातात नसतो. "मोठी ऑर्डर देते, कागद स्वस्त लावा" याला अर्थ नाही. वाचतं ते मशीनवर. तुझं काम लागलं की डाय बसवायची, छपाईचा ब्लॉक आणि शाई बदलायची, सेटिंग जुळेपर्यंतचे खोके भंगारात टाकायचे. हजार छापा की तीन हजार, हा खर्च एकदाच होतो. म्हणून तीन महिन्यांचा माल एका छपाईत घ्यायची तयारी दाखव आणि रुपयाभर वटाव माग.

मात्र छापून घेतलेले तीन हजार खोके त्यांच्याच गोदामात ठेवून महिन्याला हजार उचलू नकोस. पैसे त्यांचेच अडकतील आणि वटाव त्यातच जिरेल. माल एकदम घे. तुझ्याकडे कोरडी जागा आहे का, हे आधी पाहा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि खोके लुळे पडतात, तेव्हा जून ते सप्टेंबर कमीच घे. तीन महिन्यांत पत्ता किंवा लोगो बदलणार असेल तर हा विचार आत्ताच सोड.

आता उधारीचं. सतरा रुपयांनी तीन हजार खोके म्हणजे एक्कावन्न हजार. महिन्याला दीड टक्का व्याज धर, तर तीस दिवसांच्या उधारीचे सातशे पासष्ट रुपये होतात, खोक्यामागे पंचवीस-सव्वीस पैसे. म्हणून एकच मागणी घेऊन जाऊ नकोस, दोन वाटा ने: "काका, माल उतरला की पैसे, तर सतरा. तीस दिवसांनी, तर सव्वासतरा. तुम्हाला कुठलं परवडतं?" कागदवाल्याचे पैसे द्यायचे असतील तर ते रोखीचं घेतील, हात मोकळा असेल तर उधारीचं. ठरवणारे ते असले की घासाघीस होत नाही.

उधारी ठरली तर जीएसटीची रक्कम माल येताच देऊन टाक आणि मुदत फक्त मूळ रकमेला घे. महिन्याला रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत कर भरावा लागतो, तू पैसे दिलेले असोत वा नसोत. तो त्यांनी पदरचा का भरावा? हे तू आपणहून बोललीस तर पुढचं बोलणं सोपं जाईल. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून त्यांची उद्यम नोंदणी असेल तर कायद्याने लेखी करारातही पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत चालत नाही आणि करार नसेल तर पंधराच दिवस. साठ दिवसांचं नावही काढू नकोस.

बोलायला समोर जा, व्हॉट्सॲपवर नको. मागचं बिल चुकतं केल्यावर जा आणि दिवाळीआधीची धावपळ टाळ. कामगारांसमोर दर काढू नकोस. दुसऱ्याचा दर हातात असेल तरच सांग, खोटा सांगू नकोस. कागदाचे भाव या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असतात, थाप लगेच पकडली जाते. कागद चढला तर दर किती वाढेल आणि उतरला तर किती कमी होईल, हेही तेव्हाच ठरवून वहीत लिहून घे.

एक धोका मात्र आहे. दर फार ताणलास तर तोंडावर हो म्हणतील आणि पुढच्या लॉटला कमी जीएसएमचा कागद लागेल. वरून दिसत नाही. म्हणून आत्ताच्या लॉटमधले दहा कोरडे खोके वजन करून आकडा लिहून ठेव आणि नव्या मालातले दहा तसेच तोल. ओलीने वजन वाढतं, तेव्हा दोन्ही वेळा माल कोरडा हवा. फरक स्पष्ट दिसला तर आरोप करू नकोस. "काका, या वेळी कागद हलका लागलाय का?" एवढंच विचार, आणि वजन वहीत आहे हे कळू दे.

नाहीच म्हणाले तर रुसून उठू नकोस. नवा ब्लॉक करायची वेळ येईल तेव्हा त्याचे पैसे माफ कराल का, किंवा पंधरा दिवस तरी द्याल का, असं विचारून चहा घेऊनच नीघ. पंधरा मिळाले तर चौदाव्या दिवशी पैसे पाठव आणि पाठवल्यावर फोन कर. तीसचं बोलणं तीन-चार बिलं अशी गेली की मग काढ.