चौथ्या प्रकरणापासून मागे ये

नाशिक, रविवार

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी 42 स्लाइड्सची फाइल पाहिली. व्हायवाला बोलायला मिळणार 20 मिनिटं. पहिल्या दोन प्रकरणांतच तुझ्या 17 स्लाइड्स गेल्यात, कारण तू प्रबंध पुढून कापत आलीस. चौथ्या प्रकरणातल्या निकालांपासून मागे ये.

तुझा तक्ता 4.3 घे. कांदाचाळीचे सहा प्रकार, चार महिने, दर महिन्याला वजनघट, सड, कोंब आणि एकूण नासाडी. म्हणजे 96 आकडे, आणि तू तो जसाच्या तसा चिकटवलायस. मागच्या खुर्चीवरून तो मुंग्यांसारखा दिसतो. त्यातली फक्त एकूण नासाडी उचल आणि महिन्यागणिक आलेख काढ. रेषा तीनच ठेव: पारंपरिक चाळ टी-1, आणि खालून-बाजूने हवा खेळणाऱ्या टी-5 व टी-6.

इथे एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. चौथ्या महिन्याअखेर टी-1 मध्ये 41.2 टक्के नासाडी, टी-5 मध्ये 29.6, टी-6 मध्ये 30.4, आणि तक्त्याखाली सी.डी., म्हणजे फरक खरा मानायला लागणारं किमान अंतर, 2.8. टी-5 आणि टी-6 मधला फरक 0.8 चाच, सी.डी.पेक्षा कमी. मग शेवटच्या स्लाइडवर 'टी-5 सर्वोत्तम' कसं लिहिलंस? दोन्ही सारख्याच, आणि दोन्ही टी-1 पेक्षा सरस, एवढंच म्हणता येतं. बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील. सी.डी.चा आकडा आलेखाच्या कोपऱ्यात राहू दे.

आता हा आलेख समजायला मागचं काय लागतं ते बघ. तिसऱ्या प्रकरणातून चाळीचा आडवा छेद, थराची उंची आणि पुनरावृत्ती किती ते, एका स्लाइडवर. वजनकाट्याचा फोटो नको. दुसऱ्या प्रकरणातल्या 34 पानांतून एकच स्लाइड: आधीच्या अभ्यासांत काय मोजलं गेलं नव्हतं, जे तू मोजलंस. लेखकांची नावं वाचत बसू नकोस. माझ्या वेळी मी ती वाचत बसलो आणि निकालांवर येण्याआधीच अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. पहिल्या प्रकरणातलं लासलगावचं बाजारवर्णन मला आवडलं होतं, तरी ते दोन वाक्यांत तोंडी सांग.

कापलेलं फेकू नकोस. कोंब आणि सडीचे वेगळे आलेख, अनोवाचा तक्ता, महिन्यागणिक तापमान-आर्द्रता, हे सगळं 'धन्यवाद'च्या मागे ठेव आणि प्रत्येकावर स्लाइड क्रमांक ठळक टाक. "सड कितव्या महिन्यात वाढली?" असं विचारलं, की क्रमांक टाइप करून एंटर दाब, स्लाइड लगेच समोर येईल. मात्र कोणता आलेख कुठे आहे ते कागदावर लिहून हाताशी ठेव, कारण त्या क्षणी आठवत नाही.

बुधवारी चार वाजता विभागात ये. 14 स्लाइड्स घेऊन ये, घड्याळ मी लावतो.

तुझे सर