सीएफआय ०.९४३ आला तर थिसिसमध्ये "मॉडेल स्वीकारार्ह आहे" असं लिहू का?

प्रश्न: रावेर-यावलच्या ३१२ केळी उत्पादकांचा ठिबक वापराचा सर्वे आहे, ४ घटक, प्रत्येकी ४ प्रश्न. काय-स्क्वेअर २१४.६, डीएफ ९८, सीएफआय ०.९४३, टीएलआय ०.९३०, आरएमएसईए ०.०६२ (०.०५१ ते ०.०७३), एसआरएमआर ०.०५१. मेजरमेंट आणि स्ट्रक्चरल दोन्ही मॉडेलचे आकडे सेम आलेत. गाईड म्हणतात "मॉडेल अ‍ॅक्सेप्टेड" लिहा. लिहू का?

उत्तर:

ताई, "अ‍ॅक्सेप्टेड" नका लिहू. आकडे वाईट आहेत म्हणून नाही, तर हे आकडे तेवढं सांगतच नाहीत म्हणून. मी जळगावला शेतीच्या सर्व्हेंचं अ‍ॅनालिसिस करतो, व्हायव्हामध्ये याच शब्दावर अडकलेले बरेच जण बघितलेत.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय, दोन्ही मॉडेलचे आकडे सेम आलेत. १६ प्रश्नांच्या व्हेरियन्स-कोव्हेरियन्स मिळून १३६ होतात. मेजरमेंट मॉडेलमध्ये १६ लोडिंग, १६ एरर आणि ४ घटकांमधले ६ संबंध असे ३८ पॅरामीटर, म्हणून डीएफ ९८. आता स्ट्रक्चरल मॉडेलमध्येही डीएफ ९८ च राहिला म्हणजे त्या ६ संबंधांच्या जागी तुम्ही ६ बाण काढलेत, एकही जोडी मोकळी सोडलेली नाही. मग बाणांची परीक्षा झालीच कुठे? "वृत्तीमुळे वापर वाढतो" हा बाण उलटा करून "वापरामुळे वृत्ती बदलते" केला (बाकीच्यांत गोल फिरणारी वाट न होऊ देता) तरी सगळे फिट इंडेक्स तेच येतील, करून बघा. म्हणजे हा सगळा फिट प्रश्नावलीच्या बांधणीबद्दल बोलतोय, तुमच्या थिअरीबद्दल नाही. थिअरीनुसार एखादा बाण नसायलाच पाहिजे असेल तर तो काढा, डीएफ ९९ होईल, आणि मग काय-स्क्वेअर किती वाढतो ते बघा, ती खरी टेस्ट.

आता कटऑफचं. सगळे जे सीएफआय-टीएलआय ०.९५, आरएमएसईए ०.०६, एसआरएमआर ०.०८ म्हणतात ते हू आणि बेंटलर यांच्या १९९९ च्या पेपरमधून आलंय, तिथे ३ घटकांचं, १५ प्रश्नांचं, ०.७० ते ०.८० लोडिंगचं सिम्युलेशन होतं. तुमच्या प्रश्नांचे लोडिंग ०.५ च्या आसपास असतील तर तेच आकडे तसेच लागू होत नाहीत, उलट लोडिंग कमी असली की चुकीचं मॉडेलही फिट दिसतं. म्हणून लोडिंगचा तक्ता फिटच्या शेजारीच द्या.

तुमचा सीएफआय जुन्या ०.९० च्या वर आहे, ०.९५ च्या खाली, टीएलआयचं पण तसंच. आरएमएसईएमध्ये फक्त ०.०६२ देऊ नका, रेंज पण द्या, कारण खालची बाजूच ०.०५१ आहे, ०.०५ च्या वर, म्हणजे "क्लोज फिट" म्हणता येत नाही, पण वरची ०.०७३ असल्याने ०.०८ च्या आत आहे. काय-स्क्वेअर सिग्निफिकंट आहे तो लपवू नका, "सँपल मोठा म्हणून" असं म्हणून उडवूनही लावू नका, ३१२ काही फार मोठा सँपल नाही. मिसफिट नेमका कुठे आहे ते बघा. लव्हानमध्ये हे दोन चालवा:

```
fitMeasures(fit, c("chisq","df","pvalue","cfi","tli","rmsea",
  "rmsea.ci.lower","rmsea.ci.upper","srmr"))
residuals(fit, type = "cor")
```

दुसऱ्या आउटपुटमध्ये ०.१० च्या वरचे आकडे शोधा. एसआरएमआर हा सरासरीसारखा आकडा आहे, त्यात दोन प्रश्नांची मोठी गडबड सहज झाकली जाते. "रात्रीची लाईट असल्याने ठिबक चालवायला त्रास होतो" आणि "लाईटीच्या वेळेमुळे फिल्टर सफाई राहून जाते" असे दोन प्रश्न असतील तर दोघांत लाईट आहे, त्यांचं एरर जुळणारच. अशा एका जोडीला एरर कोव्हेरियन्स देता येतो, पण कारण लिहून, आणि आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे देऊन. मॉडिफिकेशन इंडेक्स बघत सीएफआय ०.९५ होईपर्यंत जोडत राहायचं हे मी एकदा पीकविम्याच्या डेटावर केलं होतं, चार जोड्या घातल्या, नंतर चोपड्याकडच्या नव्या डेटात त्यातली एकच टिकली, तीही सारख्या शब्दांच्या प्रश्नांची. बाकी तीन त्या सँपलपुरत्याच होत्या.

मी असतो तर असं लिहिलं असतं: "काय-स्क्वेअर (९८) = २१४.६, पी < ०.००१, त्यामुळे अचूक फिटचं गृहीतक नाकारलं जातं. सीएफआय ०.९४३, टीएलआय ०.९३०, एसआरएमआर ०.०५१, आरएमएसईए ०.०६२ (९०% अंतर ०.०५१ ते ०.०७३). प्रचलित निकषांनुसार मेजरमेंट मॉडेलचा डेटाशी मेळ साधारण समाधानकारक दिसतो, काही निकष मात्र पूर्ण होत नाहीत. स्ट्रक्चरल भाग सॅच्युरेटेड असल्याने बाणांच्या दिशेला या निर्देशांकांवरून पुष्टी मिळत नाही."

गाईड सरांना शेवटचं वाक्य खटकेल, तेव्हा त्यांच्यासमोरच एक बाण उलटा करून रन करून दाखवा.