तडजोडनाम्यात हप्ता चुकल्याचं कलम कसं लिहावं?

प्रश्न: द्राक्षांच्या पैशांचा दावा नाशिक कोर्टात आहे. मध्यस्थीत समेट झाला, व्यापारी हप्त्याने देणार. करार कसा लिहू, म्हणजे पुन्हा भांडण नको?

उत्तर: सगळी मेख हप्ता चुकल्यावर काय, या कलमात असते. समजा येणं ४,८०,००० आणि ठरले ४,००,०००. बरेच जण लिहितात, 'चुकल्यास ८०,००० दंड'. दंड जाचक आहे म्हणून तो कोर्टात कमी करून मागता येतो. त्यापेक्षा असं लिहा: 'व्यापाऱ्यास ४,८०,००० देणं मान्य आहे. दरमहा ५ तारखेपर्यंत ५०,००० प्रमाणे आठ हप्ते वेळेत भरल्यास उरलेले ८०,००० माफ. न भरल्यास सवलत रद्द, भरलेली रक्कम वजा जाता बाकी एकरकमी देय.' म्हणजे ती शिक्षा न राहता हुकलेली सवलत ठरते.

व्यापाऱ्यालाही श्वास घ्यायला जागा ठेवा: व्हॉट्सॲपवर लेखी सूचना, मग सात दिवस. पैसे ठरलेल्या खात्यातच. रोखीने दिल्याचे वाद कधी मिटत नाहीत. 'शक्य तितक्या लवकर', 'सोयीनुसार' असले शब्द सरळ खोडा.

मग दोघांच्या सह्यांनिशी तडजोडनामा कोर्टात दाखल करून त्याप्रमाणे हुकूमनामा मागा. नुसता दावा मागे घेऊ नका. हुकूमनामा असेल तर थकल्यावर थेट वसुलीची दरखास्त लावता येते, नाहीतर करारावर नवा दावा करत बसाल.